फास टांगायचा की फलक लिहायचा?

इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे गोंड जमीनदार वीर बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, फाशी दिली. चंद्रपूर जेलमधल्या पिंपळाला लोक आजही हात जोडतात. आता गावोगावी त्यांची आठवण उभी करायचं चाललं आहे, बरंच आहे. पण देखावा म्हटला की आधी सुतळीचा फास येतो, मग लाल रंग. पोरं तो फास गळ्यात घालून फोटो काढायला लागली की समजा, देखावा फसला. बघणाऱ्याला फाशी दिसली, पण ती का झाली ते कळलंच नाही.

फास काढा, फलक लावा. फलकावर 'इंग्रजांना सळो की पळो केले' एवढंच लिहून भागत नाही. घडलं ते लिहा. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव राजगड परगण्यात उठले, अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांच्यासोबत आले. २९ एप्रिल १८५८ ला प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर हल्ला झाला. त्यात तारखात्याचे गार्टलँड आणि हॉल मारले गेले, त्यांचा सोबती पीटर निसटला. ही दोन मरणं गाळली, तर इंग्रज सरकार एवढं खवळून मागे का लागलं हेच वाचणाऱ्याला समजत नाही.

खरी अडचण पुढेच. बाबुरावांना पकडून दिलं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंनी. आपल्याच भागातलं नाव, म्हणून एक तर ते गाळतात, नाही तर थेट 'गद्दार' लिहून मोकळे होतात. दोन्ही नको. कोणी पकडलं, कोणाच्या हवाली केलं, एवढं साध्या वाक्यात लिहा. न्यायनिवाडा वाचणारा करेल. आणि फाशीवर थांबू नका. व्यंकटराव बस्तरकडे गेले, १८६० मध्ये सापडले, त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि जमीनदारी जप्त झाली. फाशी बघून उठाव संपला वाटतो, जप्ती वाचली की त्याची किंमत किती घरांनी मोजली ते दिसतं.

फाशी देताना दोर तुटल्याची गोष्ट लोक सांगतात. ती पुसू नका, पण 'लोक असं सांगतात' या मथळ्याखाली वेगळी ठेवा. 'याच झाडाला फाशी दिली' हेसुद्धा त्याच मथळ्याखाली. गोंडी मजकूर मराठीच्या बरोबरीने, तितक्याच मोठ्या अक्षरात हवा. कोपऱ्यात बारीक नको.

मजकूर प्रत्येक भाषेत शंभरेक शब्दांचा पुरे, उभ्याने कोणी जास्त वाचत नाही. अक्षर सेंटीमीटरभर उंच ठेवा, ओळींत मोकळी जागा सोडा, नाही तर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. चकचकीत काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं आपल्या मे महिन्याच्या उन्हात वाचताच येत नाहीत. फिकट, बिनचमकीच्या पत्र्यावर गडद अक्षरं बरी. फ्लेक्स एका उन्हाळ्यातच विटतो. गावात झाडापाशी फलक लावणार असाल तर खोडाला खिळे ठोकू नका, बुंध्याभोवती सिमेंटचा पार बांधून मुळांचं पाणी तोडू नका. दोन लोखंडी पाय रोवा, थोडं लांबच.