लिव्हरचा बॉलकॉक रक्तातलं कोलेस्टेरॉल बघत नाही

एक फॉरवर्ड फिरतोय: "शरीरातलं ८० टक्के कोलेस्टेरॉल लिव्हरच बनवतं. बाहेरून जास्त खाल्लं की ते आपोआप कमी बनवतं. म्हणूनच २०१५ मध्ये अमेरिकेने अंड्यांवरची मर्यादा काढली. अंडी, तूप, खोबरं बिनधास्त खा, गोळ्या बंद करा."

पहिल्या वाक्यात थोडीच दुरुस्ती आहे. तो हिस्सा एकट्या लिव्हरचा नाही, सगळ्या शरीराचा आहे. कोलेस्टेरॉल जवळजवळ प्रत्येक पेशी बनवते, लिव्हर त्यात आघाडीवर. दिवसाला सुमारे ८०० ते १००० मिलिग्रॅम आत तयार होतं, ताटातून येतं साधारण २०० ते ३००. दूधही न घेणाऱ्या माणसाच्या ताटात ते जवळपास शून्य असतं, तरी त्याच्या रिपोर्टमध्ये आकडा येतोच.

दुसरं वाक्य मात्र अर्धं सांगून थांबलंय, आणि खरी गंमत उरलेल्या अर्ध्यात आहे.

लिव्हरच्या पेशीत कोलेस्टेरॉलचा अंदाज घेणारी एक यंत्रणा असते. तिला गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक समजा. तो टाकीतलं पाणी बघतो, खाली रस्त्यावर किती साचलंय ते नाही. तसंच ही यंत्रणा पेशीच्या आतलं कोलेस्टेरॉल बघते, रक्तातलं नाही. आत कमी पडलं की ती एकाच वेळी दोन कामं करते. एक, एचएमजी-कोए रिडक्टेज हे एन्झाइम वाढवते, म्हणजे घरचं उत्पादन वाढतं. दोन, पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल रिसेप्टर जास्त लावते. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे कण पकडून आत ओढायचे, हे त्यांचं काम. याच रिसेप्टरच्या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ चं नोबेल मिळालं.

आता उलटं बघा. तुम्ही अंडी खाल्लीत, लिव्हरची टाकी भरली. उत्पादन कमी झालं, इथवर फॉरवर्ड बरोबर. पण बटण एकच असल्यामुळे रिसेप्टरही कमी झाले, आणि एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहिलं. म्हणून भरपाई होते, पण पूर्ण होत नाही.

किती उरतं? दोन अंड्यांचं ऑम्लेट म्हणजे सुमारे ३७० मिलिग्रॅम. आतड्यातून त्यातलं सरासरी निम्मंच शोषलं जातं. त्यानंतर लिव्हरची काटकसर. ज्याच्या आहारात अंडी नव्हती त्याने रोज असं ऑम्लेट सुरू केलं, तर काही आठवड्यांनी रक्तातलं एकूण कोलेस्टेरॉल सरासरी आठेक मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर वाढतं. शून्य नाही, पण घाबरण्याइतकंही नाही.

ही झाली सरासरी. अमेरिकेतल्या एका ८८ वर्षांच्या गृहस्थांची नोंद १९९१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. ते रोज २५ अंडी खात, आणि एकूण कोलेस्टेरॉल २०० च्या आसपास! तपासल्यावर दिसलं की त्यांचं आतडं फक्त १८ टक्के शोषत होतं, आणि लिव्हर बरंचसं कोलेस्टेरॉल पित्ताम्लांत बदलून बाहेर काढत होतं. उलट काहींचं आतडं निम्म्याहून बरंच जास्त शोषतं. त्यांना तेच ऑम्लेट महागात पडतं. आपण कुठल्या गटात, हे आरशात बघून कळत नाही.

अमेरिकेबद्दल: कोलेस्टेरॉलवरची रोजची ३०० मिलिग्रॅमची मर्यादा गेली, पण त्याच मार्गदर्शक सूचनांमध्ये आहारातलं कोलेस्टेरॉल शक्य तितकं कमी ठेवा असं लिहिलं होतं, आणि संतृप्त चरबीची, एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांची मर्यादा तशीच राहिली. हे वाक्य फॉरवर्ड करताना कसं काय गळतं, कोण जाणे.

आणि संतृप्त चरबी म्हटलं की खोबरं आलंच. खोबरेल तेलात कोलेस्टेरॉल अजिबात नसतं, तरी ते एलडीएल वाढवतं, कारण त्यातली बहुतेक चरबी संतृप्त असते आणि ती एलडीएल रिसेप्टरचं काम मंदावते. तुपाचंही तेच, वर थोडं कोलेस्टेरॉल. कोळंबीत भरपूर कोलेस्टेरॉल, पण चरबी नाममात्र. त्यामुळे कोळंबीच्या कालवणात मला कोळंबीपेक्षा वाटणातल्या खोबऱ्याची जास्त काळजी वाटते. बाटलीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' छापलेल्या शेंगदाणा तेलाचं कौतुक नको. वनस्पती तेलात ते नसतंच.

राहिल्या गोळ्या. कोलेस्टेरॉलसाठी दिली जाणारी स्टॅटिनची गोळी नेमकं घरच्या उत्पादनाचं ते एन्झाइम अडवते. लिव्हरला आत टंचाई भासते, ते रिसेप्टर वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. म्हणजे 'लिव्हरच बनवतं' हे गोळी बंद करण्याचं नव्हे, गोळी लागू पडण्याचं कारण आहे. बंद केली की काही आठवड्यांत एलडीएल जुन्या जागी परत येतं. ज्यांना जन्मतःच हे रिसेप्टर सदोष मिळालेत, त्यांचं एलडीएल तर साधं वरणभात खाऊनही १९० च्या वर राहू शकतं.

स्वतःवर अंड्यांचा परिणाम बघायचाच असेल, तर गोळी तशीच ठेवून सहा आठवडे फक्त अंडी बदला आणि त्याच लॅबमध्ये तपासा. पाच-दहा अंकांचा फरक मनावर घेऊ नका. काहीही न बदलता दोन वेळा रक्त दिलंत तरी तेवढा फरक येतो.