फोनमधला डेटाबेस: कुलूप कशाला लावावे, कशाला लावू नये

«अॅपचा सगळाच डेटाबेस एसक्यूएलसायफर या लायब्ररीने एन्क्रिप्ट करून टाका, पासवर्ड कोडमध्येच ठेवा, दोन ओळींचे काम आहे. मग फोन चोरीला गेला तरी कोणाच्या हाती काही लागणार नाही. कोणता डेटा नाजूक आणि कोणता नाही हे ठरवत बसू नका. जास्त सुरक्षेने कोणाचे नुकसान होत नाही.»

मी नाशिकमध्ये द्राक्षखरेदीच्या एका अॅपचे काम करतो. निफाड-दिंडोरीकडच्या बागांमध्ये नेटवर्कचा भरवसा नसतो, म्हणून आमचे सहकारी क्रेटची वजने फोनवर नोंदवतात, ती एसक्यूलाइटच्या फाइलीत राहतात आणि संध्याकाळी पॅकहाऊसवर वाय-फाय मिळाले की सर्व्हरवर जातात. त्याच फोनमध्ये शेतकऱ्याचे खाते क्रमांकही असतात, त्यामुळे वरच्या सल्ल्याचा विचार मला प्रत्यक्ष कामासाठी करावा लागला.

चोरीपासून सुरुवात करू. अँड्रॉइड ७ पासून फाइलनिहाय एन्क्रिप्शनची सोय आहे आणि अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या फोनांना ते सक्तीचे आहे. फोन बंद असेल, किंवा सुरू केल्यानंतर एकदाही उघडला नसेल, तर अॅपच्या फाइली आधीच एन्क्रिप्ट केलेल्या असतात, आणि त्यांची किल्ली स्क्रीन लॉकच्या पिनशिवाय तयार होत नाही. म्हणजे पिन असलेल्या अशा फोनच्या चोरीपुरते काम आपण एकही ओळ न लिहिता झालेले असते. खरी अडचण उघड्या फोनची आहे. दुरुस्तीला टाकताना पिन सांगितला जातो, बागेत फोन चार हातांत फिरतो. अशा वेळी समोरचा माणूस अॅपच उघडतो, अॅप आपणहून किल्ली आणते आणि खाते क्रमांक पडद्यावर दाखवते. डेटाबेस कितीही मजबूत एन्क्रिप्ट केलेला असला तरी येथे त्याचा उपयोग शून्य आहे. एसक्यूएलसायफरचा उपयोग होतो तो फाइल फोनबाहेर गेल्यावर, म्हणजे बॅकअपमधून किंवा रूट केलेल्या फोनवरून कोणी ती उचलल्यावर, आणि तोही किल्ली फाइलीबरोबर गेली नसेल तरच.

म्हणूनच पासवर्ड कोडमध्ये ठेवण्याचा सल्ला मला घातक वाटतो. अॅपची एपीके फाइल ही मुळात झिप असते; ती उलगडून कोड वाचणारी मोफत साधने आहेत, आणि सगळ्या फोनांना एकच पासवर्ड असल्यामुळे तो एकदा सापडला की सगळ्यांच्याच फाइली उघडतात. वापरकर्त्याकडून चार अंकी पिन घेणे हाही उपाय नव्हे. एसक्यूएलसायफरची चौथी आवृत्ती पासवर्डपासून किल्ली तयार करताना २,५६,००० फेऱ्या करते, परंतु एका प्रयत्नाला पाव सेकंद धरला तरी दहा हजार पिन पाऊण तासाच्या आत तपासून होतात. योग्य पद्धत अशी की फोनवरच ३२ बाइटची यादृच्छिक किल्ली तयार करावी, ती अँड्रॉइडच्या कीस्टोर या किल्ल्यांच्या तिजोरीतल्या किल्लीने एन्क्रिप्ट करून साठवावी आणि डेटाबेस उघडताना मोकळी करून थेट द्यावी. कीस्टोरमधली किल्ली फोनबाहेर काढता येत नाही, हे तिचे बळ आहे.

तेच बळ नुकसानही करते, आणि ते मी स्वतः पाहिले आहे. आमच्या आधीच्या एका आवृत्तीत सगळा डेटाबेस एन्क्रिप्ट केलेला होता आणि कीस्टोरमधली किल्ली `setUserAuthenticationRequired(true)` असे सांगून स्क्रीन लॉकशी बांधली होती. ऐन हंगामात एका सहकाऱ्याने, चिकट हातांनी पिन टाकण्याचा कंटाळा येऊन, लॉकच काढून टाकला. लॉक काढला की अशी किल्ली कायमची बाद होते. दुसऱ्या दिवशी अॅप `KeyPermanentlyInvalidatedException` दाखवून बंद पडले आणि दोन बागांच्या ४१ नोंदी, ज्या अजून सर्व्हरवर गेल्या नव्हत्या, आत अडकल्या त्या अडकल्याच. काट्यावरच्या कागदी चिठ्ठ्या शेतकऱ्यांनी जपून ठेवल्या होत्या म्हणून हिशेब पुन्हा जुळला. फोन बदलतानाही हेच घडू शकते: बॅकअपमधून डेटाबेस नव्या फोनवर येतो, कीस्टोरमधली किल्ली जुन्यातच राहते, आणि `file is not a database` एवढाच निरोप मिळतो. म्हणून अशी फाइल बॅकअपमधून वगळलेलीच बरी.

यानंतर आम्ही प्रत्येक रकान्याला दोन प्रश्न विचारले: हा बाहेर फुटला तर कोणाचे काय जाईल, आणि हा हरवला तर कोणाचे काय जाईल? वाणांची, गावांची आणि फवारणीच्या औषधांची यादी कोणालाही मिळाली तरी बिघडत नाही. क्रेटच्या वजनाचे उत्तर उलटे आले. ते फुटले तर फारसे काही होत नाही, पण हरवले तर शेतकऱ्याचे पैसे अडतात. त्यामुळे वजने आता साध्या `kharedi.db` मध्ये, फोनच्या मूळ एन्क्रिप्शनच्या भरवशावर राहतात. खाते क्रमांक आणि आयएफएससी यांसाठी वेगळी एन्क्रिप्ट केलेली फाइल केली. तिची किल्ली लॉकशी बांधलेली आहे, कारण ती बाद झाली तरी पासबुक पाहून नोंद पुन्हा करता येते.

आधार क्रमांकाचा रकाना मात्र काढूनच टाकला, कारण खरेदीच्या कामात तो कोठेही वापरला जात नव्हता. «त्याचा हॅश ठेवू» अशीही एक सूचना आली होती. आधार क्रमांकाचा पहिला अंक ० किंवा १ नसतो आणि शेवटचा तपासणीचा असतो, म्हणजे शक्यता सुमारे ८० अब्जच उरतात, आणि साध्या एसएचए-२५६ हॅशसाठी आजचे ग्राफिक्स कार्ड त्या सगळ्या काही मिनिटांत तपासून संपवते. खाते क्रमांकही सर्व्हरवर पोहोचताच फोनवरून पुसला जातो आणि शेवटचे चार अंक तेवढे राहतात. पिन जाणणाऱ्या दुरुस्तीवाल्यापासून वाचवणारी हीच एक गोष्ट आहे. लॉकशी बांधलेली किल्लीही त्याच्यापुढे उघडते.

पुसण्यातही एक खाच आहे. एसक्यूलाइटमध्ये ओळ काढली तरी तिची अक्षरे फाइलीच्या मोकळ्या पानांत तशीच राहू शकतात. खाते क्रमांकाचा रकाना जुन्या साध्या फाइलीतून रिकामा केल्यावर मी डीबग आवृत्तीतून फाइल संगणकावर घेतली आणि चाचणीसाठी मजकूर म्हणून घातलेला क्रमांक शोधला:

```
adb exec-out run-as com.example.draksh cat databases/kharedi.db > kharedi.db
grep -a -c 60123456789 kharedi.db
```

उत्तर ० यायला हवे होते, ते १ आले. मग रकाना रिकामा करण्याआधी `PRAGMA secure_delete = ON;` आणि नंतर `VACUUM;` चालवले, तेव्हा ० आले. शेजारची `kharedi.db-wal` ही फाइलही याच रीतीने तपासावी लागते, कारण ताजे बदल आधी तिच्यात लिहिले जातात.

एवढे करूनही एक खिंडार उरले होते. नवीन शेतकऱ्याची नोंद करताना सहकारी पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्याने काढत आणि तो गॅलरीत राही, नाव, खाते क्रमांक आणि शाखा यांसह. आता फोटो अॅपमधूनच काढला जातो, अॅपच्या अंतर्गत फोल्डरमध्ये साठतो आणि सर्व्हरकडून पोच आल्याबरोबर काढला जातो. गॅलरीतले जुने फोटो आम्ही एकेक फोन हातात घेऊन काढले.