विमानाचा पंख: त्या फॉरवर्डमध्ये नक्की काय चुकलंय

"विमानाचा पंख वरून फुगीर आणि खालून सपाट असतो. वरच्या हवेला लांबचा रस्ता पडतो, पण खालच्या हवेबरोबर एकाच वेळी पलीकडं पोचायचं असतं म्हणून ती जोरात पळते. वेग वाढला की दाब कमी, म्हणून विमान उचललं जातं. घरी कागदाच्या पट्टीवरून फुंकर मारून बघा, कागद वर येतो. हाच बर्नूलीचा नियम!"

साताऱ्यातल्या बऱ्याच ग्रुपवर हे फिरतंय, काही सरांनी दहावीच्या पोरांनाही पाठवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पंखाच्या वर दाब कमी आणि खाली जास्त हे खरंच आहे, गडबड आहे ती कारणात.

"एकाच वेळी पोचायचं" हे कुणी ठरवलं? पुढच्या कडेला वेगळ्या झालेल्या हवेनं मागच्या कडेला परत भेटलंच पाहिजे असा कुठलाच नियम नाही. केंब्रिजच्या होल्गर बाबिन्स्की यांनी विंड टनेलमध्ये थांबून थांबून धूर सोडून याचा व्हिडिओच केलाय, त्यात वरचा धूर खालच्याच्या आधी मागं पोचलेला स्वच्छ दिसतो.

हिशोबही करून बघू. सेस्ना 172 हे चार सीटचं छोटं विमान घ्या, भरलेलं वजन साधारण 1100 किलो, पंखांचं क्षेत्रफळ 16 चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे दर चौरस मीटरला 68 किलो पेलायचेत. वेग सेकंदाला 60 मीटर धरा आणि वरचा रस्ता खालच्यापेक्षा 2 टक्के लांब धरा. एकाच वेळी पोचायचं म्हटलं तर वरची हवा फक्त 2 टक्के जास्त पळणार, त्यातून दर चौरस मीटरला जेमतेम 9 किलोचा फरक निघतो, सगळ्या पंखांचा मिळून दीडशे किलोसुद्धा नाही. विमान जमिनीवरच राहील. खरं उडायला वरची हवा खालच्यापेक्षा सरासरी 14 टक्क्यांच्या आसपास जास्त वेगानं जावी लागते, आणि ती जाते.

फुगीर-सपाट आकाराचं तर सूर्यकिरण टीमची हॉक विमानं उलटी उडताना बघितली की लगेच कळतं. फुगीर बाजू खाली गेली तरी विमान पडत नाही, पायलट नाकाचा कोन बदलतो आणि काम होतं. आकारानं मदत होते, पण हवेला खाली वळवणं महत्त्वाचं.

आता खरं कारण. पंख थोडा तिरका असतो, वरून जाणारी हवा त्याच्या पाठीला धरून खाली वळते. वाहती हवा वळवायची तर वळणाच्या आतल्या बाजूला ढकलणारा जोर लागतो, म्हणजे बाहेर दाब जास्त आणि आत कमी. पंखापासून लांब वर नेहमीचा दाब असतो, म्हणून पाठीला चिकटून तो कमी होतो, आणि या कमी दाबाकडं येणारी हवा वेग पकडते. बर्नूली इथं लागू पडतोच, फक्त वेग आधी आणि दाब नंतर असा क्रम त्यात नसतो, दोन्ही एकदमच घडतं. त्याच सेस्नाचं बघा, पंखांचा विस्तार 11 मीटर धरला तर सेकंदाला जवळजवळ 7 टन हवा सेकंदाला दीड मीटर वेगानं खाली ढकलली जाते, असं समजून गणित केलं तर साधारण 1100 किलोचाच जोर निघतो. दाबाचा हिशोब आणि हवा खाली वळवण्याचा हिशोब हे दोन वेगळे जोर नाहीत, दोघांची बेरीज करायची नसते, एकच जोर दोन बाजूंनी मोजलाय.

कागदाचा प्रयोग छान आहे पण तो सांगतो दुसरंच. फुंकरीच्या हवेचा दाब बाहेर आल्यावर आजूबाजूच्या हवेएवढाच असतो. पट्टी सरळ खाली लोंबत ठेवा आणि एकाच बाजूनं तिला समांतर फुंका, ती फुंकरीकडं फारशी ओढली जात नाही. ओठापाशी धरून वाकलेली असताना उठते, कारण फुंकर त्या वाकलेल्या पाठीला धरून वळते.

उलट बाजूनंही एक चूक होते, "बर्नूली सोडा, खालून हवा आपटते म्हणून विमान उडतं." कोन साधारण 15 अंशांच्या पुढं गेला की वरची हवा पाठ सोडते, स्टॉल होतो आणि जोर एकदम घटतो, खालून हवा लागत असतानाही. विमान उतरल्यावर खिडकीतून बघा, पंखाच्या वरच्या बाजूला फळ्या उभ्या राहतात. त्या स्पॉयलर. वरचा प्रवाह मोडला की उचल गेली आणि वजन चाकांवर आलं, मग ब्रेक नीट लागतात.

पोरांना हे समजवायचं तर चाळकेवाडीच्या पठारावर न्या. पवनचक्कीचं पातं म्हणजे असाच पंख, वारा त्याच्या पाठीवरून वळतो आणि पातं फिरतं. पातं ज्या दिशेला फिरतं त्याच्या उलट दिशेला मागची हवा गोल फिरत जाते, कारण पात्यानं तिला तिकडं ढकललेलं असतं.