सहा आठवड्यांत वेबसाइट, दिवाळी धरून

गावातल्या जिनिंग-प्रेसिंगच्या मालकाने तुम्हाला सहा पानांच्या वेबसाइटचं काम दिलं असेल, तर अभिनंदन. आता सर्वात आधी एक्सेलमध्ये रंगीत तक्ता करा. सहा आठवडे, सहा रंग. शेवटच्या आठवड्याला हिरवा रंग द्या, म्हणजे मालकाचा जीव भांड्यात पडतो. काम कधी सुरू करायचं, हेही नीट ठरवा. दसऱ्यानंतरचा पहिला सोमवार उत्तम. कापूस बाजारात यायला लागलेला असतो, फाटकापाशी गाड्यांची रांग असते आणि मालकाला जेवायलाही उसंत नसते. वेबसाइटचा मजकूर मागायला याहून चांगला काळ वर्षभरात नाही.

उन्हाळ्यात काम सुरू करायचा मोह होईल. तेव्हा मालक रिकामा असतो, खाटेवर बसून तास-तासभर बोलतो. पण सावध राहा. मशीन उघडलेली असते, गोदामात एक गाठ नसते आणि कापसाचा ढीग नसलेल्या जिनिंगचा फोटो म्हणजे नुसतं पत्र्याचं शेड. हंगामात फोटो काढून ठेवायचे आणि उन्हाळ्यात काम करायचं, असं सुचवणारे लोक भेटतात. त्यांचं ऐकलं तर काम वेळेवर होईल आणि मग पुढच्या वर्षी सांगायला तुमच्याजवळ काय उरेल?

माझा तक्ता असा होता. सहा आठवडे म्हणजे कामाचे तीस दिवस. दहाव्या दिवसापर्यंत बैठक, पानांची यादी आणि होम पेजचं डिझाइन. पुढचे तीन दिवस मालकाने ते पाहायचं. दोन दिवस दुरुस्ती. सात दिवस बांधणी, दोन दिवस मजकूर भरणं, पुन्हा तीन दिवस मालकाची पाहणी, एक दिवस दुरुस्ती, एक दिवस साइट सुरू करणं. बेरीज करून पाहा, एकोणतीस होते. म्हणजे तिसाव्या दिवसापर्यंत पोचायला माझ्या हाती पुरा एक दिवस जास्तीचा होता. त्या एका दिवसाच्या भरवशावर मी चहा प्यालो.

या तक्त्यात डिझाइन पाहायचे तीन दिवस तिसऱ्या आठवड्यात येतात. दसऱ्यापासून साधारण वीस दिवसांवर लक्ष्मीपूजन, म्हणजे तेही त्याच आठवड्याच्या आसपास. हे तक्त्यात अजिबात लिहू नका. मालकाला वाईट वाटतं, आणि लिहिलं तर पाहणीच्या तारखा आधीच मागेपुढे कराव्या लागतात. त्यापेक्षा धनत्रयोदशीच्या दिवशी होम पेज पाठवा. उत्तर येतंच: "हॅपी दिवाली."

आता मालकाकडून यायच्या गोष्टी. त्यांची एकच ओळ ठेवा: "क्लायंटकडून मजकूर व फोटो." कोण देणार आणि कुठल्या तारखेला, हे लिहिलं तर माणूस बांधला जातो, आणि आपल्याकडे बांधलेलं कोणाला आवडत नाही. मी मजकूर मालकालाच मागितला. मालक म्हणाले, "काई टेन्शन नोका घेऊ भाऊ, उद्या पाठोतो." तीन आठवड्यांनी कळलं की रुईच्या व्यापाऱ्याला वेबसाइटवर जे पाहायचं असतं, म्हणजे धाग्याची लांबी, त्याची जाडी-बारीकी सांगणारा मायक्रोनेअर, ओलावा आणि कचऱ्याचं प्रमाण, ते मालकाला तोंडपाठ नव्हतंच. ते ग्रेडरच्या वहीत होतं. वही मुनीमजींच्या कपाटात होती. मुनीमजींना वेबसाइट निघते आहे हेच कोणी सांगितलं नव्हतं.

मजकूर मला तेविसाव्या दिवशी सकाळी लागणार होता. मग तो दहाव्या दिवशीच मागायचा, तोही मुनीमजींच्या नावाने, म्हणजे बारा दिवस उशीर झाला तरी चूल पेटती राहते. ही झाली भित्र्यांची रीत. "मजकूर जितके दिवस उशिरा, तितके दिवस पुढच्या सगळ्या तारखा सरकतील," हे वाक्य करारात घालतात तेही तसेच. मी धीट होतो. माझा मजकूर बेचाळिसाव्या दिवशी आला. तोवर बांधणी झालेली पानं 'लोरेम इप्सम' हा नुसता जागा भरायचा निरर्थक मजकूर अंगावर घेऊन उभी होती.

लोगो मागाल तेव्हा मूळ फाइल मागू नका. मालक दिनदर्शिकेचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवतील, त्यात लोगोच्या एका कोपऱ्यावर गणपतीची सोंड असेल. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, असं सांगितलं तर ते दाबले न जाता मूळ आकारात येतात. न सांगितलं तर कापसाचा ढीग आणि भाताचा ढीग यांतला फरक ओळखणं ही तुमची परीक्षा.

पाहणीचा टप्पा तर मोकळ्या मनाने करावा. एका माणसाला अधिकार द्या, त्याने सगळ्या सूचना एकाच यादीत पाठवाव्यात, फेऱ्या दोनच, असलं काही ठरवू नका. माझ्या मालकांनी एक ग्रुप काढला. त्यात तीन भाऊ, पुण्यात शिकणारा मुलगा, मोठा जावई आणि मी. जावई म्हणाले निळा रंग थंड वाटतो. मधले भाऊ म्हणाले हिरवा नको. मुलगा म्हणाला काळा ठेवा, हल्ली सगळे ठेवतात. धाकट्या भावांनी फक्त अंगठा दाखवला. कशाला, ते आजवर कळलं नाही. मी सगळ्यांचं ऐकलं आणि होम पेज पाच वेळा रंगवलं. तक्त्यात त्या आठवड्याचा रंग मात्र बदलला नाही.

टप्पा कसा लिहायचा, हेही शिकून घ्या. "होम पेजच्या डिझाइनला मालकांची लेखी मंजुरी" असं लिहिलं तर उत्तर हो किंवा नाही यांतलंच एक येतं, आणि माणूस अडचणीत सापडतो. "डिझाइन ८० टक्के पूर्ण" असं लिहा. ऐंशी टक्क्यांवर महिनाभर सुखाने राहता येतं. अर्धे पैसे साइट सुरू झाल्यावर घ्यायचं ठरवा, म्हणजे मुनीमजींची वही हरवली की उपाशी तुम्ही राहाल.

साइट सुरू करायला शुक्रवारची संध्याकाळ धरा. आमच्याकडे मालकांनी मुहूर्त काढला होता. डोमेन पुतण्याच्या नावावर, ओटीपी त्याच्या मोबाइलवर, पुतण्या नागपूरला लग्नात. ओटीपी आला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. घाईत मी डोमेनच्या सगळ्या नोंदी ठेवणारे नेमसर्व्हरच बदलले. जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची, याची मुदत एक दिवसाची होती, ती आदल्या दिवशी पाच मिनिटांवर आणायची राहिली. म्हणून मुंबईच्या व्यापाऱ्याला शनिवारी दुपारपर्यंत जुनीच साइट दिसत होती. त्याहून मोठी गंमत म्हणजे ई-मेल कुठे पोचवायचे ते सांगणारी एमएक्सची नोंद मी नव्या जागी नेलीच नाही. फक्त साइट कुठे आहे ते सांगणारी ए नोंद बदलून बाकीच्याला हात लावला नसता, तर मालकांचे मेल चालू राहिले असते. ते बंद पडले. सौद्याचे मेल येईनात, म्हणून मालकांचे फोन येऊ लागले. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांनी मला स्वतःहून फोन केला होता.

सहा आठवडे, म्हणजे खरंतर अकरा. तरी साइट सुरू झाली. मालकांनी मोबाइलवर ती सगळ्यांना दाखवली, पेढे वाटले. मुनीमजींनी चष्मा पुसून 'आमच्याबद्दल' हे पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि मला बाजूला घेतलं.

"भाऊ, सारं बराबर हाय. पन हा लोरेम इप्सम कोन पार्टी हाय? आपल्या खात्यात याचं नाव काई दिसत नाई."