टुंगुर्डीकरबाईंची पट्टी

वहिनींच्या स्वयंपाकाच्या चॅनेलचे अकरा भाग झाले, तेव्हा दादाने एका रविवारी ते सगळे टीव्हीवर ओळीने लावले आणि चहाचा कप हातात तसाच धरून विचारले, "हे सगळे एकाच बाईचे चॅनेल आहे का?" प्रश्न रास्त होता. पहिल्या भागात पाहुण्या ताईंचे नाव पिवळ्या पट्टीवर होते, तिसऱ्यात ते हिरव्या पानातून उगवत होते, सातव्यात पट्टीच नव्हती आणि नवव्यात नाव डावीकडून आले ते उजवीकडून निघून गेले, जणू चुकीच्या फलाटावर उतरले होते. या सगळ्याचा कर्ता मी होतो. वहिनी माणसे शोधतात, त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन चित्रीकरण करतात, आणि घरी संगणकासमोर बसणारा दीर म्हणून संकलन माझ्या गळ्यात पडले आहे. दर वेळी मी नवे काहीतरी करत होतो आणि त्याला कल्पकता समजत होतो.

"भाऊजी, एकदाच काय ते छापील करून ठेवा आणि दर वेळी फक्त नाव बदला," वहिनी म्हणाल्या. लग्नपत्रिका छापणाऱ्याला सांगावे इतक्या सहजपणे त्या हे म्हणाल्या, आणि मीही "दोन संध्याकाळचे काम आहे" असे सांगून टाकले. त्या दोन संध्याकाळी जवळपास दीड महिना चालल्या.

सुरुवातीच्या चित्रफितीचे, म्हणजे इंट्रोचे, प्रकरण त्यातल्या त्यात लवकर मिटले. आधीची इंट्रो चौदा सेकंदांची होती. तीत चूल पेटायची, तांब्याच्या हंड्यातून वाफ निघायची, मागे सनई वाजायची आणि मग चॅनेलचे नाव एकेक अक्षर करून उमटायचे. माझा त्या वाफेवर फार जीव होता, कारण ती मी स्वतः मोबाइलवर चार वेळा चित्रित केली होती. परंतु यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठे थांबतात आणि कुठे निघून जातात याचा जो आलेख दिसतो, त्यात वाफेच्या जागी रेषा विहिरीत उतरावी तशी उतरत होती. तेव्हा इंट्रो चार सेकंदांवर आणली, आणि ती अगदी आरंभी न ठेवता पाहुण्या ताईंचे एखादे खमंग वाक्य ऐकवून झाल्यावर ठेवली. वाफ जेमतेम दीड सेकंद उरली आहे. ती पाहताना मला अजूनही वाईट वाटते.

खरी परीक्षा झाली ती नावाच्या पट्टीची. वृत्तवाहिन्यांतले लोक तिला अ‍ॅस्टन म्हणतात, बाकीचे लोअर थर्ड म्हणतात आणि वहिनी ‘ती खालची पाटी’ म्हणतात. ती मी आफ्टर इफेक्ट्स या हलती अक्षरे-चित्रे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधायला घेतली. माझ्या जुन्या आवृत्तीत देवनागरी नीट उमटण्यासाठी Preferences च्या खिडकीत Type या सदरात South Asian and Middle Eastern हा पर्याय निवडावा लागतो, आणि ते ठाऊक नसल्यामुळे पहिल्या दिवशी ‘चिवडा’ या शब्दातली वेलांटी च सोडून व च्या अंगावर जाऊन बसली होती. तो पर्याय सापडल्यावर मी हुरळलो आणि अक्षरांत थोडे अंतर सोडले, कारण परदेशी पट्ट्यांवर तसे अंतर मोठे ऐटबाज दिसते. रोमन अक्षरे सुटी असल्याने त्यांना ते शोभते. आपली अक्षरे एका शिरोरेषेला लटकलेली असतात, त्यामुळे अंतर वाढवताच ती रेषा ठिकठिकाणी तुटली आणि पाहुण्या ताईंचे नाव पडक्या दातांनी हसू लागले. अंतर शून्यावर आणले. अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा विनामूल्य मिळणारा ‘मुक्ता’ हा फॉन्ट घेतला आणि तो वहिनींच्या लॅपटॉपवरही घातला, कारण एका यंत्रावर फॉन्ट असून दुसऱ्यावर नसेल, तर एकसारखेपणा त्या दुसऱ्या यंत्रावर पोहोचताच संपतो.

यानंतर पेटीचा प्रश्न आला. नाव ‘उमा’ असो वा लांबलचक, त्याच्यामागची रंगीत पेटी आपोआप तेवढीच रुंद व्हायला हवी, नाहीतर दर भागात ती हाताने ओढत बसावे लागते आणि ‘छापील’ या शब्दाला अर्थ उरत नाही. यासाठी मजकुराचे माप घेणारे एक सूत्र पेटीच्या Size या गुणधर्मावर लिहितात. माझ्या मजकुराच्या थराचे नाव Naav होते, म्हणून मी लिहिले:

```
var r = thisComp.layer("Naav").sourceRectAtTime(time, false);
[r.width + 90, r.height + 50]
```

म्हणजे मजकुराची रुंदी अधिक नव्वद पिक्सेल आणि उंची अधिक पन्नास. पेटी मधोमधून दोन्ही बाजूंना फुगते, म्हणून डावी कड जागच्या जागी राहावी यासाठी तिला रुंदीच्या निम्म्याने उजवीकडे सरकवणारे आणखी एक सूत्र लागले. ‘उमा’ लिहून पाहिले, मग माझे संपूर्ण नाव लिहून पाहिले, पेटी आज्ञाधारकपणे लहानमोठी झाली, आणि मी वहिनींना फोन करून काम झाल्याचे कळवले.

बाराव्या भागात दोघी पाहुण्या होत्या, एक कमलताई आणि दुसऱ्या कीर्तीताई, नात्याने एकमेकींच्या जावा. कमलताईंची पट्टी आली ती अंगाबरोबर, आणि कीर्तीताईंची आली ती तिच्याहून स्पष्टपणे उंच. भाग पाहून कमलताईंनी वहिनींना फोनवर विचारले, "तिची पाटी मोठी का गं?" आता यावर काय उत्तर द्यायचे? ‘तुमच्या नावात रफार नाही’ असे सांगून कोणत्याही जावेचे समाधान होणार नाही.

परंतु कारण तेच होते. हे सूत्र अक्षरांच्या प्रत्यक्ष शाईचे माप घेते, ओळीच्या उंचीचे घेत नाही. ‘कमल’ या शब्दात शिरोरेषेच्या वर काही नाही आणि खालीही काही लोंबत नाही. ‘कीर्ती’मध्ये दोन वेलांट्या आणि रफार असा सगळा ऐवज माळ्यावर ठेवलेला आहे, आणि नावात उकार असता तर तळघरही निघाले असते. त्यामुळे पेटीची उंची नावागणिक बदलत होती, आणि पेटीचा मध्य मात्र ठरलेला असल्याने अक्षरे कधी वरच्या काठाला टेकत होती, कधी खालच्या. उपाय कळल्यावर स्वतःच्या बुद्धीची कीव यावी इतका सोपा होता: रुंदी मोजून घ्यायची आणि उंची मोजायचीच नाही.

```
[r.width + 90, 120]
```

हा एकशेवीस कुठून आणायचा, तर असेल नसेल ते सगळे वरखाली मिरवणारे एक नाव घेऊन ते ज्या पेटीत मोकळेपणाने मावेल ती उंची कायमची ठरवायची. त्यासाठी मी एक नाव घडवले: ‘हृषीकेश्वरी टुंगुर्डीकर’. त्यात आरंभीच्या हृ ला खाली ऋकार आहे, टुं आणि गु ला उकार आहेत, आणि र्डी वर रफार आणि वेलांटी यांचे संयुक्त सरकार आहे. ज्या पेटीत टुंगुर्डीकरबाई अंग न चोरता बसतील, तीत महाराष्ट्रातली कोणतीही बाई बसेल, असे माझे गणित होते आणि ते आजतागायत चुकलेले नाही. चोपन्न मापाच्या अक्षरांत त्या एकशेवीस पिक्सेलमध्ये बसल्या.

पुढची अडचण वेळेची होती. पट्टी सहा सेकंदांची होती, आत येणे पंधरा फ्रेम आणि बाहेर जाणे पंधरा फ्रेम. मात्र कीर्तीताई साडेतीन सेकंदांतच उठून गॅस बंद करायला गेल्या, म्हणून मी संकलनात पट्टी शेवटाकडून कापली, आणि तिचे बाहेर जाणेच कापले गेले. पट्टी सरकत न जाता दिवे गेल्यासारखी नाहीशी झाली. यावर तोड म्हणजे Responsive Design - Time या सुविधेने आरंभाच्या आणि अखेरीच्या पंधरा फ्रेम संरक्षित करून ठेवणे. मग पट्टी कितीही लांबवली वा आखडली तरी ताण मधल्या स्थिर भागावर पडतो आणि येण्याजाण्याची चाल बदलत नाही.

एवढे झाल्यावर साचा .mogrt फाइल म्हणून निर्यात केला, म्हणजे वहिनींना प्रीमियर प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती टाकून फक्त रकाने भरता येतील. इथे मी उदारपणाची चूक केली. नाव, गाव, पेटीचा रंग, अक्षरांचे माप आणि फॉन्टची निवड असे पाच पर्याय मी त्यांच्यासाठी उघडे ठेवले. तेराव्या भागात पट्टी राणी रंगाची आली. "ताईंच्या साडीला मॅचिंग केली," वहिनी म्हणाल्या. चौदाव्यात फॉन्टही बदललेला होता, कारण पाहुण्या ताईंचे अक्षर वळणदार होते. साडी, अक्षर, उद्या पडदे. मी मुकाट्याने साचा पुन्हा उघडला, Enable Custom Font Selection वरची खूण काढली, रंग आणि माप मागे घेतले, आणि नाव व गाव असे दोनच रकाने ठेवून नवी फाइल दिली. मग कळले की नवी फाइल आली म्हणून आधीच्या प्रोजेक्टांत बसलेल्या पट्ट्या आपोआप बदलत नाहीत, त्या एकेक बदलाव्या लागतात. प्रसिद्ध झालेल्या भागांचे तर तेही करता येत नाही, कारण यूट्यूबवर त्याच दुव्यावर नवी चित्रफीत चढवता येत नाही. पहिले चौदा भाग आहेत तसेच विजोड राहणार आहेत, आणि दादा ते पाहुण्यांना आवर्जून दाखवतो.

अखेरच्या चित्रफितीत माझे कौशल्य सर्वांत कमी लागले. यूट्यूबचा एंड स्क्रीन शेवटच्या 5 ते 20 सेकंदांतच लावता येतो, म्हणून मी वीस सेकंदांची एक शांत पार्श्वभूमी केली आणि तिच्यावर पुढच्या भागाच्या चौकटीसाठी व सबस्क्राइबच्या वर्तुळासाठी जागा रिकाम्या सोडल्या. पूर्वी आम्ही त्या जागी पाहुण्यांचा हसरा निरोप ठेवत होतो, आणि आठव्या भागात एका आजींच्या चेहऱ्यावर ते वर्तुळ असे नेमके बसले होते की आजी सबस्क्राइब करा असे म्हणत नसून स्वतःच ते बटण झाल्या होत्या. आता मांडणी एकदा केली आहे आणि दर भागात Import from video म्हणून ती मागच्या भागातून उचलतो.

पंधरावा भाग सर्वार्थाने साच्यातून निघाला. वहिनींनी तो एकटीने जोडला, रात्री अकराला चढवला आणि मी समाधानाने झोपलो. सकाळी पाहिले तर आळूवड्या करणाऱ्या काकूंच्या खाली, एकशेवीस पिक्सेल उंचीच्या निर्दोष पेटीत, शिरोरेषा अखंड असलेले नाव झळकत होते: हृषीकेश्वरी टुंगुर्डीकर. चाचणीचे नाव मी साच्यात तसेच ठेवले होते आणि वहिनींनी गावाचा रकाना तेवढा भरला होता.

"मला वाटले, तुम्ही भरलेच आहे," त्या म्हणाल्या.

काकूंची क्षमा मागून झाली. मात्र खालच्या प्रतिक्रियांत एका गृहस्थांनी विचारले आहे की टुंगुर्डीकर हे मूळचे कोकणातले की घाटावरचे, दुसऱ्या एका बाईंनी ते आपल्या आत्याच्या सासरकडचे असल्याचे कळवले आहे, आणि तिघींना टुंगुर्डीकरबाईंचा गोडा मसाला हवा आहे.