भिकबाळी कुठल्या कानात होती?

आज शाळेतून आल्यापासून डोकं शांत होत नाहीये, म्हणून इथे लिहितेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

आमच्या नववीतल्या एका मुलीने कबड्डीचं मेडल घेतानाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकला. खरा फोटो, तिच्या भावाने काढलेला. आणि एका मुलाने खाली लिहिलं, फेक आहे, मागची भिंत वाकडी आहे आणि कान बघा केवढा मोठा दिसतोय. मग बाकीच्यांनी री ओढली. आज ती मुलगी माझ्या तासाला डोळे पुसत बसली होती. त्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, अरे हे तुला कोणी शिकवलं? तर म्हणतो, मॅडम, तुमच्याच पोस्टरवर आहे ना!

माझं पोस्टर. मी पोस्टर केलंच नव्हतं हो. मी आठवी-नववीसाठी तीन तासांचा पाठ लिहून दिला होता, जोडलेले चेहरे कसे ओळखायचे याचा, आणि वरून उत्तर आलं की वेळ नाही, तीन मुद्दे काढा आणि व्हरांड्यात लावा. उजेड बघा, कान बघा, मागची भिंत बघा. झालं. पस्तीस मिनिटांचे तीन तास तीन ओळीत बसवले.

मला हा विषय सुचला तो काही मोबाईलमुळे नाही, अण्णांमुळे. अण्णांचा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता हे तुम्हाला माहितीये. तेव्हा लोक यायचे की आमचे वडील गेले, आईशेजारी बसलेला एकही फोटो नाही, तेवढा करून द्या. अण्णा जुन्या फोटोची कॉपी निगेटिव्ह काढायचे, प्रिंट करून माणूस ब्लेडने कापायचे, कडा मागून पॉलिश पेपरने घासून पातळ करायच्या, चिकटवायचं, ब्रशने सांधा बुजवायचा आणि परत त्याचा फोटो काढायचा. आताच्या भाषेत मॉर्फिंगच. एकदा एका आजींसाठी असा फोटो केला. आजोबांच्या जुन्या फोटोत खिडकीचा उजेड डावीकडून होता, आजींवर स्टुडिओचा दिवा उजवीकडून. अण्णांनी आजोबांची निगेटिव्ह उलटी लावली, म्हणजे दोघांवरचा उजेड एका बाजूने झाला. सुंदर जमला होता. आजींनी फोटो हातात घेतला, बघितला आणि खाली ठेवला. म्हणाल्या, हे ते नव्हेत, यांची भिकबाळी उजव्या कानात असायची.

मी दहा-बारा वर्षांची असेन, काउंटरमागे उभी होते. उजेड बरोबर, चेहरा बरोबर, आणि त्या बाईने एका कानावरून पकडलं. का पकडता आलं, तर त्या माणसाचा कान तिला माहीत होता म्हणून! पोस्टरवर हे कुठे लिहिणार तुम्ही?

म्हणून माझ्या पाठाचा पहिला तास उजेडाचा, पण फोटो बघायचाच नाही. पडदे लावायचे, ट्यूब बंद, एकाला स्टुलावर बसवायचं आणि दुसऱ्याने मोबाईलचा टॉर्च हात उंच करून डावीकडून धरायचा. बाकीच्यांनी वहीत नोंदवायचं : नाकाची सावली कुठल्या गालावर पडली, हनुवटीची सावली मानेवर कुठपर्यंत आली, तिची कड धारदार आहे की पुसट, आणि डोळ्यातला तो पांढरा ठिपका घड्याळात किती वाजता आहे. दहा वाजता असेल तर दोन्ही डोळ्यांत साधारण दहालाच हवा. मग टॉर्चपुढे ट्रेसिंग पेपर धरायचा आणि सावल्यांच्या कडा कशा विरतात ते बघायचं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं मडक्यावर छायाप्रकाश काढतातच की, इथे मडक्याऐवजी मित्राचं तोंड आहे एवढंच.

मग फोटो. मी माझाच चेहरा भाचीच्या फोटोवर बसवून घेतलाय, मुलांचे फोटो असल्या ॲपमध्ये टाकायचेच नाहीत हा माझा नियम आहे. भाची दुपारी बाराच्या उन्हात उभी आहे, हनुवटीची सावली गळ्यावर सुरीने कापल्यासारखी. आणि वर माझा चेहरा, ट्यूबलाइटमधला, नाकाखाली सावलीच नाही. सावली कुठल्या बाजूला पडलीय हे सगळे बघतात, पण सावलीची कड बघा हे कोणी सांगत नाही, आणि जोडकाम बऱ्याचदा तिथेच उघडं पडतं. ज्या उन्हाने मानेवर धारदार सावली पाडली ते ऊन नाकाला सोडेल कसं?

आता हो, वर्गात दोन ट्यूब असल्या की दोन सावल्या पडतात, लग्नाच्या हॉलमध्ये तर सगळीकडूनच उजेड, ढगाळ दिवशी सावलीच नाही. हे मला कळतं. म्हणूनच तर पस्तीस मिनिटं मागितली होती, अर्धा वेळ हेच दाखवायला की खऱ्या फोटोतही उजेड कसा फसवतो.

दुसरा तास कानाचा. बाकावरच्या शेजाऱ्याचा कान बघून काढायचा, दहा मिनिटं. पाळी गालाला चिकटलेली की लोंबती, वरची कड कुठे वळते, आतली घडी कशी आहे. मुलं हसतात आधी, मग गप्प होतात, कारण कान नीट असा कोणी बघितलेलाच नसतो. पॅरिसच्या पोलिसांत बर्टिलाँ नावाचा माणूस होता, एकोणिसाव्या शतकात, माणसं ओळखायला तो कानाची मापं आणि आकार टिपायचा. एवढा कान वेगवेगळा असतो.

आणि इथे एक गोष्ट समजली की अर्धा पाठ समजला. चेहरा बदलणारी बरीचशी ॲपं भुवयांपासून हनुवटीपर्यंतचाच तुकडा बदलतात. कान, केस, मान मूळ माणसाची तशीच राहतात. माझ्या त्या फोटोत चेहरा माझा आहे पण कान भाचीचे आहेत, लोंबत्या पाळीचे, माझी पाळी चिकटलेली. म्हणजे प्रश्न "कान विचित्र दिसतो का" हा नाहीच, प्रश्न आहे "हा कान हिचाच का", आणि त्यासाठी तिचा दुसरा, खात्रीचा फोटो लागतो, त्याच बाजूचा, साधारण त्याच कोनातला. त्या आजींकडे तसा फोटो डोळ्यांतच होता. आमच्या त्या मुलाने काय केलं? कान मोठा दिसला म्हणून फेक! अरे, ती मुलगी तुझ्या बाजूच्या रांगेत बसते, मान वळवून बघायचं होतंस.

(केसांखाली कान झाकला असेल, किंवा फोटो दहा वेळा फॉरवर्ड होऊन पार चिखल झाला असेल, तर हा उपाय संपला. तेही सांगायचं, तिथे ओढूनताणून कान शोधायचा नाही.)

तिसरा तास मागच्या भिंतीचा, आणि आजचं सगळं रामायण इथेच झालं. कंबर बारीक केली, जबडा ओढला की त्या भागाचे पिक्सेल ताणले जातात आणि मागची दाराची चौकट, खिडकीचे गज, फरशीची रेघ सोबत वाकते. म्हणून प्रिंटवर पट्टी ठेवून बघायचं. पण वाकली कुठे? फक्त शरीराच्या कडेला वाकून पुढे परत सरळ झाली, तर हात मारलेला असू शकतो. फोटोच्या चारी कडांकडे सगळ्याच रेघा सारख्या बाहेर फुगल्या असतील तर ती लेन्स आहे. त्या पोरीच्या भावाने मोबाईल 0.5 वर ठेवून फोटो काढला, सगळी टीम मावावी म्हणून. ती कडेला उभी. कडेचा माणूस त्या लेन्समध्ये ताणलाच जातो, कान मोठा दिसणारच. आज मी त्या मुलाला पट्टी दिली आणि फोटोच्या दुसऱ्या टोकाला ठेवायला लावली, जिथे कोणीच उभं नाही. तिथलीही भिंत तेवढीच वाकडी. मग बोललाच नाही.

त्याच्यावर चिडून लिहायला बसले होते खरं तर. पण तो तरी काय करणार, त्याला आपण तीन ओळीच दिल्या. आणि एक सांगते, त्याने स्वतःहून जाऊन तिला सॉरी म्हटलं, मी सांगितलं नव्हतं.

कोणीतरी म्हणेलच की मॅडम, आता नवीन फोटोंत हे काही दिसत नाही, शिकवून उपयोग काय. बरं, मान्य. 2022 मध्ये नाइटिंगेल आणि फरीद यांनी अभ्यास केला होता, पूर्ण बनावट चेहरे आणि खरे चेहरे लोकांना ओळखायला दिले, 48 टक्के बरोबर आले, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. खुणा शिकवून परत घेतलं तर 59. फार नाहीच. पण म्हणून पोस्टर लावायचं? उलट ते 59 ऐकूनच कळायला हवं की "फेक आहे" असं छातीठोक बोलायची परवानगी या खुणा देत नाहीत, संशय कुठे घ्यायचा एवढंच सांगतात.

म्हणून तिसऱ्या तासाची शेवटची दहा मिनिटं मी कुस्तीगीरांच्या फोटोला ठेवलीत. 28 मे 2023, दिल्लीत आंदोलन करणाऱ्या विनेश आणि संगीता फोगट यांना पोलीस गाडीतून नेत असतानाचा सेल्फी, गंभीर चेहरे. काही वेळात तोच फोटो हसऱ्या चेहऱ्यांनी फिरायला लागला. मुलांना तो हसरा फोटो द्यायचा आणि तिन्ही गोष्टी तपासायला लावायच्या. उजेड बरोबर. कान त्यांचेच. गाडी सरळ. कारण बदललं फक्त हसू, बाकी सगळं खरं! तिथे पट्टी आणि कान काही कामाचे नाहीत, तिथे मूळ फोटो शोधावा लागतो, इमेज सर्चला टाकून, आधी कोणी आणि कधी टाकला ते बघत मागे जावं लागतं. हे मुलांनी स्वतः हरून शिकायचंय. पोस्टरने हरता येत नाही.

उद्या मी ते पोस्टर काढणार आहे, कोणाला विचारणार नाहीये. आणि चित्रकलेचे माझे जे तास आहेत त्यातलेच तीन देणार आहे, मडकी पुढच्या आठवड्यात.

आजींच्या फोटोचं पुढे काय झालं ते राहिलंच. अण्णांनी तो फोटो फाडला, पैसे घेतले नाहीत, आणि आजींना परत बोलावलं. निगेटिव्ह सुलटी ठेवली. आजींना स्टुलावर बसवलं, दिवा उचलून डावीकडे नेला, पुढे पांढरं धोतर टांगलं, खिडकीच्या उजेडासारखा मऊ व्हावा म्हणून, आणि आजींचा नवीन फोटो काढून त्यावर आजोबा बसवले. भिकबाळी उजव्या कानात. आजी तो फोटो पदरात गुंडाळून घेऊन गेल्या.

त्याची एक प्रत आमच्याकडे आहे. उजेड एका बाजूचा, सावल्या सारख्या, कान त्यांचाच, मागचा पडदा सरळ. गेल्या वर्षी वर्गात दिला होता भिंगासकट, सदतीस मुलांपैकी एकालाही काही सापडलं नाही. उद्या परत नेतेय.