जुलाब थांबले तरी झिंक का थांबवायचं नाही

"जुलाब थांबले की झिंकची गोळी लगेच बंद करा, १४ दिवस देणं हा कंपन्यांचा धंदा. वर्षाच्या आतल्या बाळाला पाव गोळी, दोन वर्षांच्याला अर्धी, पाच वर्षांच्याला एक. बाळ ओकलं तर त्याला झिंक सोसत नाही असं समजा आणि सोडून द्या. झिंक चालू असेल तर ओआरएसची गरज नाही. सर्व आईवडिलांपर्यंत पोहोचवा."

या पावसाळ्यात हा निरोप मला चार गटांतून आला. त्यातला एक गट आमच्या माहेरच्या भावकीचा, तिथे मी नर्स आहे हे सगळ्यांना माहीत आहे, तरी मला कुणी विचारलं नाही. असो.

आधी धंद्याचं बोलू. २० मिलिग्रॅमची ही विरघळणारी गोळी उपकेंद्रात फुकट मिळते. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला अतिसार नियंत्रणाची मोहीम असते, तेव्हा पाच वर्षांखालचं मूल असलेल्या घरी आशाताई ओआरएसची पाकिटं पोहोचवतात. जुलाब सुरू झाले की झिंक त्यांच्याकडून किंवा आमच्याकडून मिळतं. मोहिमेत १४ दिवसांचा कोर्स लिहिलेला असतो, आणि तो औषधाच्या दुकानदाराने ठरवलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००४ साली मिळून १० ते १४ दिवस सांगितले, आपल्या देशाने १४ धरले.

पण १४ का? झिंक हे जुलाब 'बांधणारं' औषध नाही, गोंधळ इथूनच सुरू होतो. दुखणं थांबलं की गोळी थांबवायची, ही सवय आपल्याला तापाच्या औषधाने लावली आहे. झिंकचं काम वेगळं. पातळ शीबरोबर शरीरातलं झिंक वाहून जातं. लोह जसं शरीरात साठवून ठेवलेलं असतं तशी झिंकची मोठी शिल्लक शरीराकडे नसते, त्यामुळे गेलं ते बाहेरूनच भरावं लागतं. आणि गरज तेव्हाच जास्त असते, कारण आतड्याचं आतलं अस्तर जुलाबात खरवडलं जातं आणि नवीन पेशी तयार व्हायला झिंक लागतं. शी घट्ट झाली म्हणजे पाणी वाहायचं थांबलं. अस्तर भरून यायचं आणि झिंकची तूट भरायची, ही कामं अजून बाकी असतात. पूर्ण कोर्स घेतलेल्या मुलांना पुढचे दोन-तीन महिने जुलाब कमी होतात असं अभ्यासांत दिसलं, म्हणून दिवस इतके ठेवले. चौथ्या दिवशी गोळी बंद करणारी आई नेमका तोच फायदा सोडून देते.

सहा महिन्यांवरच्या मुलाचे जुलाब झिंकने साधारण अर्धा दिवस लवकर थांबतात, कुपोषित मुलाचे सुमारे एक दिवस. एवढंच. आया निराश होतात ते या अर्ध्या दिवसाकडे बघून. "गोळी देऊन दोन दिवस झाले, अजून पातळच होतेय" असं म्हणतात, आणि मग कुणीतरी शहाणा हा निरोप दाखवतो.

आता पाव-अर्धी-एकचा हिशोब. तो ऐकायला बरा वाटतो कारण पॅरासिटामॉलचं सिरप आपण तसंच वजन-वय बघून देतो. झिंकच्या सरकारी मात्रेला इतक्या पायऱ्या नाहीत, दोनच आहेत. दोन महिने पूर्ण झालेल्या ते सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धी गोळी. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत रोज २० मिलिग्रॅम, म्हणजे पूर्ण एक. आठ महिन्यांच्या बाळाला जेवढी, तेवढीच चार वर्षांच्या पोराला. दोन्ही वयांत दिवस १४, आणि दिवसातून एकदाच.

सिरप घेतलं असेल तर चमच्यांवर विश्वास ठेवू नका, बाटली वाचा. काही बाटल्यांत ५ मिलीत २० मिलिग्रॅम असतं, काहींत १०. "एक चमचा" म्हणून दिलं की एका घरात बरोबर मात्रा, दुसऱ्या घरात अर्धीच. थेंबांच्या बाटलीत तर एकेका मिलीतच २० असू शकतं, तिथे चमचा लावला तर पाचपट जाईल. आणखी एक घोटाळा. एक ताई बाटली घेऊन धावत आली होती, "सिस्टर, तुम्ही वीस म्हणालात आणि इथे तर पंचावन्न लिहिलंय!" तो ५५ चा आकडा झिंक सल्फेट या क्षाराचा होता. त्याच ओळीत पुढे बारीक अक्षरात एलिमेंटल झिंक २० असं छापलेलं होतं. मात्रा नेहमी या एलिमेंटल झिंकवर मोजायची.

ओकण्याबद्दल मात्र निरोप लिहिणाऱ्याच्या हाती अर्धं सत्य आहे, आणि ते नाकारलं तर आया आपलं पुढचं ऐकणार नाहीत. झिंकने मुलं ओकतात. चव धातूसारखी, तोंडात रेंगाळणारी. भारत आणि टांझानियातल्या साडेचार हजार मुलांवरची एक चाचणी २०२० साली छापून आली. तिच्यात तीन गट होते, रोज २०, १० आणि ५ मिलिग्रॅमचे. गोळी दिल्यावर अर्ध्या तासात ओकणारी मुलं २० च्या गटात शंभरातली एकोणीस, १० च्या गटात पंधरा-सोळा, ५ च्या गटात चौदाच्या आसपास. म्हणजे मात्रा कमी केली की ओकणं कमी होतं, पण पाव गोळी दिल्यावरही ते संपत नाही. जुलाबांवरचा परिणाम कमी मात्रेतही कमी पडला नाही, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी १० किंवा ५ लिहिलं असेल तर ती त्यांची चूक समजू नका. पण एक गोष्ट लक्षात घ्या, तिन्ही गटांत औषध १४ दिवसच दिलं होतं. वाद मात्रेचा आहे, दिवसांचा नाही.

ओकू नये म्हणून देण्याची रीत सुधारा. गोळी कुटायची नाही. चमच्यात ठेवायची, वर थोडं उकळून गार केलेलं पाणी किंवा ओआरएस घालायचं. मिनिटभरात ती आपोआप फुटून पांढुरकं पाणी होतं, तेवढं पाजायचं आणि चमच्यात राहिलेलं पुन्हा चार थेंब पाण्याने धुऊन तेही द्यायचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची अर्धी गोळी आईच्या काढलेल्या दुधात. उपाशी पोटी देऊ नका, बाळ पेज किंवा खिचडी खाऊन झालं की द्या. अर्ध्या तासाच्या आत ओकलं तर थोडं थांबून गोळी पुन्हा एकदा द्यायची. तीही बाहेर आली तर त्या दिवशी सोडा, दुसऱ्या दिवशी पुन्हा एकच. दोन दिवसांच्या मिळून दोन गोळ्या देऊ नका. आणि लिटरभर ओआरएसमध्ये गोळी टाकायची नाही, कारण मूल ते सगळं पीत नाही आणि किती गेली ते कळत नाही.

ओआरएसची गरज नाही, हे वाक्य मात्र धोक्याचं आहे. बाकीच्या सल्ल्यांनी फायदा कमी होईल, या सल्ल्याने मूल दगावू शकतं. जुलाबात मूल जातं ते पाणी आणि मीठ निघून गेल्याने, आणि ते झिंक परत देत नाही. ओआरएसमधली साखर आतड्यात शिरताना मिठाला बरोबर घेऊन जाते आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं, म्हणून दोघांचं प्रमाण नेमकं हवं. एक लिटरचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यात. अर्ध्या पाकिटाचा अंदाज घेऊन तांब्यात ढवळलेलं चालत नाही. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. फळांच्या चवीच्या खोक्यातलं गोड पेय हे ओआरएस नव्हे.

मागच्या महिन्यातलं एक बाळ सांगते. चौदा महिन्यांचा मुलगा, वजन नऊ किलो. सोमवारी सकाळपासून पाच पातळ शी, पण तरतरीत होता, पाणी मागून पीत होता, पोटावरची कातडी चिमटून सोडली की लगेच बसत होती. म्हणजे सलाईन लागणार नव्हतं. आईला सांगितलं, प्रत्येक शीनंतर पाव ते अर्धा कप ओआरएस, ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्याने, आणि ओकला तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचं दूध, वरणभात चालूच. झिंकची पहिली गोळी दुपारी आमच्यासमोर चमच्यात विरघळवून दिली. चौदा गोळ्यांची स्ट्रिप हातात दिली आणि मागे पेनाने शेवटची तारीख लिहिली, पुढच्या आठवड्यातला रविवार. गुरुवारी शी घट्ट झाली. शुक्रवारी आशाताई गेल्या तेव्हा स्ट्रिपमध्ये दहा गोळ्या होत्या. शुक्रवारची अजून दिलेली नव्हती. आजी म्हणाल्या, "आता बरा झालाय की, उगाच कशाला औषध?" आशाताईंनी वाद घातला नाही. स्ट्रिप उलटी करून तारीख दाखवली आणि भात खाल्ल्यावर त्या दिवशीची गोळी स्वतः पाजली.

घरी हे करत बसायचं नाही ते कधी, तेही स्पष्ट सांगते. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर झिंक-ओआरएस घरी सुरू करून वाट बघायची नाही, सरळ दवाखाना. शीतून रक्त पडत असेल, डोळे खोल गेले असतील, कातडी चिमटल्यावर सावकाश खाली बसत असेल, मूल सुस्तावलं असेल किंवा दूध-पाणी ओढतच नसेल, सहा तासांत लघवी झाली नसेल, तर गोळी मोजत बसू नका. वाटेत चमच्याने ओआरएस पाजत राहा आणि निघा.